तिसरी फाइल

सकाळी फोल्डर उघडला तर दर-यादीच्या दोन फाइली. एकीचं नाव नेहमीचंच, दुसरीच्या नावात conflicted copy आणि तारीख. ड्रॉपबॉक्समध्ये असं दिसतं. वनड्राइव्ह असेल तर फाइलच्या नावापुढे संगणकाचं नाव चिकटतं. आदल्या दिवशी दोघा सहकाऱ्यांनी नेट नसताना आपापल्या लॅपटॉपवर हीच एक्सेल फाइल बदलली होती. ज्याला आधी नेट मिळालं त्याची मूळ नावाने चढली, दुसऱ्याची बाजूला पडली. कोणाची बरोबर, हे ड्राइव्ह ठरवत नाही. तरीही "नंतरच्या वेळेची ठेव, दुसरी उडव" हा सल्ला अर्ध्या ऑफिसने दिलाच.

"फाइल दुसऱ्याने उघडली आहे" ही एक्सेलची सूचना का आली नाही, असंही विचारलं गेलं. ती सूचना ~$ ने सुरू होणाऱ्या एका लपलेल्या फाइलवर चालते, आणि सिंक नेमकी तीच फाइल वगळतं.

आधी सिंक थांबवून दोन्ही फाइली बाहेरच्या फोल्डरमध्ये कॉपी केल्या. मग व्हर्जन हिस्टरीतून तिसरी काढली: दोघांचं काम सुरू होण्याआधीची. ती नसेल तर सगळं अंदाजपंचे. एखादी ओळ एका फाइलीत आहे, दुसरीत नाही. मग ती एकाने घातली की दुसऱ्याने काढली? दोन फाइली कितीही वेळ शेजारी ठेवा, उत्तर मिळत नाही.

एकाने यादी नावानुसार लावून ठेवली होती, त्यामुळे सेलला सेल ताडून पाहिला तर जवळजवळ सगळंच वेगळं. म्हणून जुळवणी वस्तूच्या कोडवर. तिन्ही फाइली एका वर्कबुकात Mul, Ek, Don अशा शीटवर घेतल्या. चौथ्या शीटवर तिन्हींचे कोड एकाखाली एक चिकटवून Remove Duplicates केलं. फक्त मूळ यादीचे कोड घेतले असते तर नव्या वस्तू निसटल्या असत्या. पुढे प्रत्येक शीटसाठी एक रकाना:

```
=IFERROR(VLOOKUP($A2,Ek!$A:$C,3,FALSE),"X")
```

तिसऱ्या रकान्यात दर. X म्हणजे ओळच नाही. आता वाचणं सोपं: मूळ 450, एकात 480, दुसऱ्यात 450, तर 480 घ्यायचा. मूळ X, एकात 120, दुसऱ्यात X, तर वस्तू नवी, ठेवायची. एका कोडमागे स्पेस राहिली होती, तो उगाच नवीन वस्तू म्हणून आला. TRIM आधीच करायला हवं होतं. दराखेरीज इतर रकाने बदलले असतील तर तेही असेच तपासावे लागतात.

सगळं जुळवून एकच ओळ उरली. मूळ 310, एकाने 335 केलेला, दुसऱ्याने ओळच काढलेली. इथे सूत्र काही सांगत नाही. दोघांना फोन केला. ओळ काढणारा म्हणाला, "माल बंद झालाय." दर बदलणारा म्हणाला, "कालच नवा दर आलाय." जुळवलेली फाइल मूळ नावाने चढवली आणि सिंक सुरू केलं. ती ओळ मात्र अजून पिवळ्या रंगातच आहे.