खाज केसांची की कातडीची?

"दाढीचे केस राठ, कुरळे आहेत आणि खाली सारखी खाज सुटते. बिअर्ड ऑइल लावू, बाम लावू, की शेव्हिंग क्रीम फासून सगळी काढूनच टाकू?"

आधी मला सांगा, खाजवल्यावर नखांत काय येतं? काहीच नाही, पांढरा कोरडा भुगा, की पिवळसर, तेलकट पापुद्रे? पुढचं सगळं त्यावर ठरतं. तेल, बाम आणि क्रीम या तिघांची कामं वेगवेगळी आहेत आणि त्यांतलं एकही खाजेवरचं औषध नाही.

नखांत काही येत नसेल किंवा कोरडा भुगा येत असेल, तर तेल घ्या. कातडीतून पाझरणारा स्निग्धांश सरळ केसावरून जसा खाली उतरतो, तसा कुरळ्यावरून उतरत नाही, म्हणून अशी दाढी कोरडी आणि राठ लागते. दाढी नुकतीच वाढवायला घेतली असेल, तर कापलेली टोकं वळून कातडीला टोचतात, त्याचीही खाज असते. तेल नवा ओलावा आणत नाही, असलेला टिकवतं. म्हणून तोंड धुऊन टॉवेलने टिपायचं आणि दाढी दमट असतानाच आखूड दाढीला तीन-चार थेंब घ्यायचे. बोटांची टोकं केसांतून आत घालून कातडीवर चोळायची, उरलेलं केसांवरून फिरवायचं. बहुतेक जण तळव्याने वरवर फासतात. मग दाढी चकचकते आणि खालची कातडी कोरडीच राहते.

बाममध्ये तेलाबरोबर मेण आणि बहुधा शिया बटर असतं. मेणामुळे तो केसांवर बसतो आणि चहूकडे पळणारी कुरळी दाढी जरा आटोक्यात ठेवतो. ते काम तो चोख करतो. पण खाजेसाठी बाम मुळाशी रगडलात, तर मेण तिथेच साचतं आणि नुसत्या पाण्याने निघत नाही. वाटाण्याएवढा घ्या, तळव्यांवर पूर्ण वितळवा आणि केसांपुरताच ठेवा.

पिवळ्या पापुद्र्यांची गोष्ट वेगळी. माझ्या मावसभावाची दाढी अशी होती. तेल लावलं की काही तास बरं वाटायचं, कारण पापुद्रे भिजून मऊ पडायचे. दुसऱ्या दिवशी आधीपेक्षा जास्त. मग तो थेंब वाढवायचा. त्याच्या नाकाच्या कडेला आणि भुवयांतही तसेच पापुद्रे होते, आणि खरी खूण ती. हा दाढीतला कोंडा, डॉक्टरी नाव सेबोऱ्हिक डर्माटायटिस. मॅलेसेझिया नावाची बुरशी सगळ्यांच्याच कातडीवर असते. तिचं पोट स्निग्ध पदार्थांवर भरतं आणि बहुतेक वनस्पती तेलं तिला चालतात. म्हणजे भाऊ रोज तिला जेवण वाढत होता.

त्याने तेल बंद केलं. डॉक्टरांच्या सांगण्यावरून 2 टक्के किटोकोनाझोल या बुरशीनाशकाचा शॅम्पू आठवड्यातून दोनदा लावला, फेस मुळापर्यंत नेऊन 3 ते 5 मिनिटं ठेवला, मग धुतला. लावून लगेच धुतलं तर औषधाला कामाला वेळच मिळत नाही. काही आठवड्यांत पापुद्रे गेले. हा कोंडा परत येतो, म्हणून तो शॅम्पू अधूनमधून सुरूच ठेवतो. या शॅम्पूने केस आणखी राठ होतात, तेव्हा केसांना कंडिशनर लावतो आणि कातडी ओढल्यासारखी वाटली तर स्क्वालेन नावाच्या तेलाचे एक-दोन थेंब. हे तेल या बुरशीला खाद्य म्हणून उपयोगी पडत नाही.

आता काढून टाकण्याबद्दल. पापुद्र्यांचा त्रास असलेल्याला दाढी काढल्यावर बरेचदा आराम पडतो. पण तुमचे केस कुरळे आहेत. शेव्हिंग क्रीमचं काम केसांपाशी पाणी धरून ठेवायचं, म्हणजे केस फुगून मऊ होतो आणि पातं ओढत नाही. त्यासाठी कोमट पाण्याने भिजवून, फेस लावून दोन-तीन मिनिटं थांबायला हवं. पण केस कितीही मऊ केला, तरी तो कुठे कापायचा हे क्रीम ठरवत नाही. कातडी ताणून, उलट्या दिशेने, पुन्हा पुन्हा पातं फिरवलं की केस कातडीच्या खाली कापला जातो. त्याचं तिरकं टोक वाढताना वळतं आणि आतच घुसतं. गळ्यावर खाजऱ्या पुळ्या येतात त्या याच्या. त्या येत असतील तर गुळगुळीत दाढीचा हट्ट सोडा आणि ट्रिमरने एखादा मिलिमीटर खुंट ठेवा. वस्तरा लागतोच, तर एकच पातं, केसांच्या दिशेने, न दाबता.

आणि हो, गारेगार लागणारी मेंथॉलची क्रीम किंवा घमघमणारं तेल खाजऱ्या कातडीला नको, सुगंधानेही खाज सुटते. पू धरला, गाठ दुखली किंवा एका जागचे केस गोल झडले, तर यातलं काहीच न लावता त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा.