छातीनं एम, सीटनं एक्सएल

लातूरला पोहण्याच्या महिला बॅचला नाव घातलं, फी भरली, काही अडलं नाही. अडलं ते स्विमसूटवर. लहानपणी मामाच्या विहिरीत पाठीला डबा बांधून फ्रॉकवरच उड्या मारायचो, मापं कुणाला माहीत!

ऑनलाइन तक्त्यात दोनच रकाने: चेस्ट आणि हिप. परकराची नाडी बांधते तिथं टेप धरला, ३४ भरलं. तेच हिप समजून, सीटला पुरेल म्हणून छातीवरून एम मागवला. मांड्यांच्या वर सरकेना. परत करायला गेले तर आतलं स्वच्छतेचं स्टिकर सुटलंय म्हणून नकार. मी काढलं नव्हतं, ओढाओढीत निघालं. पण ऐकतो कोण! पैसे पाण्यात गेले आणि मी कोरडीच. (घालून बघताना आतली चड्डी अंगावर ठेवा, ओढाओढ करू नका. हे मला नंतर कळलं.)

गल्लीतल्या शिवणकामवाल्या मावशी हसल्या. "अगं, हिप म्हणजे कंबर नव्हे, सीट. पाय जुळवून उभी राहा." सगळ्यात भरलेल्या जागी टेप फिरवला: ४२. छाती ३५. तक्त्यात एमची छाती ३४-३६, एलची सीट ३९-४१, एक्सएलची ४१-४३. म्हणजे छातीनं मी एम आणि सीटनं एक्सएल. आता काय घ्यायचं?

मैत्रिणीचा एक्सएल घालून पाहिला. घरी छान बसला, पण पाण्यात उतरले तर गळ्यातून पाणी शिरून छातीपाशी पिशवीच झाली. हा कपडा ओला झाला की सैल वाटतो, म्हणून कोरडा असताना अंगाला चिकटूनच हवा. पोटावर चिमटीत घडी आली तर तो मोठा. मी एल घ्यायचं ठरवलं. लायक्रा आहे, सीटला एक इंच सहज ताणतं. मात्र हा ताण आडवा झाला. उभ्या मापाला तेवढ्यावर भागत नाही. माझी उंची ५ फूट ७, त्यामुळे खांद्याला पट्टे रुतण्याची भीती. मावशींनी खांद्यावरून पुढून, पायांच्या मधून, मागून पुन्हा खांद्यापर्यंत टेप नेला. हे माप तक्त्यात नव्हतंच. म्हणून पट्टे कमीजास्त होणारा एल निवडला. फरक याहून मोठा असेल तर वरचं आणि खालचं वेगळं मिळतं ते बघा.

आठ महिन्यांनी तोच एल सैल पडला. बारीक झाले म्हणून मी खूश! एम मागवणारच होते, तेवढ्यात मावशींनी तो उजेडात धरला: सीटला कापड जाळीसारखं विरळ, ताणून सोडलं तर परत येईना. क्लोरीननं लायक्रा मरतो. शिवाय मी तो पिळून गच्चीवर मे महिन्याच्या उन्हात टाकायची. आता तलावातून निघाल्याबरोबर साध्या पाण्यात खळबळते, न पिळता सावलीत वाळवते.

टेप पुन्हा लावला: ३५ आणि ४२, जसंच्या तसं. एलच मागवला, स्टिकरचा फोटो काढून ठेवला.