पोट रिकामं, तरी कळ

«डॉक्टर, दिवसातून दहा-दहा वेळा धावत जावं लागतं आणि पडते ती चमचाभर आव. कितीही कुंथलं तरी पोट साफ वाटत नाही. असं का होतं?»

बहुतेक वेळा त्या क्षणी खाली मळ नसतोच. कळ मात्र खरी असते, कारण ती मळामुळे नव्हे, सुजलेल्या भिंतीमुळे उठते.

मोठ्या आतड्याचा शेवटचा १२ ते १५ सेंटिमीटरचा भाग म्हणजे गुदाशय. निरोगी गुदाशयाची भिंत मऊ असते. मळ उतरला की ती ताणली जाते आणि आपल्याला 'लागली' हे कळतं. सोय नसेल तर भिंत आणखी सैलावते, कळ ओसरते, म्हणून मालवण-कणकवली एसटीत आपण दम धरू शकतो. अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याच्या अस्तराला सूज येऊन व्रण पडण्याचा आजार, त्यात सूज सहसा इथूनच सुरू होते. भिंत ताठर होते, तिथल्या नसा हळव्या होतात. मग थोडा वारा, थोडी शेंब, एवढ्यानेही गुदाशय गच्च भरल्याचा निरोप मेंदूला जातो. जाऊन आलात तरी सूज तिथेच, म्हणून पाच मिनिटांत पुन्हा कळ. कुंथून ती सूज बाहेर पडणार नाही.

माझ्याकडे आलेल्या एका तांडेलाने याच त्रासापायी बोटीवर जाणं सोडलं होतं. आव म्हणून गोळ्यांचे कोर्स झाले होते, जुलाब थांबवायची गोळीही चालू होती. मी विचारलं, "बांधून मळ कधी पडतो?" म्हणाला, दोन दिवसांनी, तोही खडा. या उत्तराने दिशा मिळाली. सूज फक्त शेवटच्या भागात असली की वर मळ तुंबतो, वाळतो, आणि खालून रक्त-शेंब येत राहते. अशा वेळी जुलाब थांबवायची गोळी तुंबारा वाढवते.

मळाच्या तपासणीत जंतू किंवा अमिबा सापडले नाहीत. दुर्बिणीतून पाहिलं तर १२ सेंटिमीटरपर्यंत अस्तर लाल, हात लागताच रक्ताळणारं, आणि त्याच्या वर एकदम स्वच्छ. अस्तराच्या काढलेल्या तुकड्याच्या तपासणीनेही कोलायटिसच सांगितला. रोज रात्री झोपताना गुदद्वारातून ठेवायची, मेसालामाइन या सूज उतरवणाऱ्या औषधाची १ ग्रॅमची कांडी दिली.

"डॉक्टरांनू, तोंडान घेवची गोळी नाय काय?" तो खालमानेने म्हणाला. गोळी आहे, पण तिचं औषध शेवटच्या वीतभर भागात कमी पोचतं. कांडी थेट दुखऱ्या जागी विरघळते. त्याचं रक्त आधी थांबलं. कळा मागाहून कमी झाल्या, कारण ताठरलेली भिंत सैल व्हायला वेळ लागतो.

अशीच कळ गुदाशयातल्या गाठीनेही येते. म्हणून रक्त पडत असेल तर मूळव्याध समजून मलम लावत बसू नका, आत पाहून घ्या. आणि रक्ताच्या जुलाबांबरोबर ताप आला, पोट फुगलं, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.