तुम्ही विचारलंत म्हणून

"अगं, नऊ वर्षांनी परत जायचंच होतं तर त्याच जुन्या ऑफिसात कशाला गेलीस? नवीन ठिकाणी गेली असतीस तर एवढं मनाला लागलं नसतं."

मावशी विचारते, नणंद विचारते, कॉलेजच्या ग्रुपवरच्या मैत्रिणी तर दर गेट-टुगेदरला विचारतात. मी दर वेळी काहीतरी बोलून विषय बदलते. आता एकदाच सगळं लिहून टाकते.

ब्रेक का घेतला ते तुम्हाला माहितीच आहे, त्यात शिरत नाही. त्या ऑफिसात गेले कारण तिथे मी काय काम करायचे ते लोकांना ठाऊक होतं. बाहेर दोन-तीन इंटरव्ह्यू दिले होते. तिथे २०१३ ते २०२२ ही रिकामी जागा बघून समोरचा माणूस पुढचं पानच उलटत नव्हता. इथे निदान ओळख सांगावी लागणार नाही असं वाटलं. व्हॅटची रिटर्नं, ७०४ चा ऑडिट रिपोर्ट, असेसमेंटला विक्रीकर भवनात जाऊन बसणं, हे सगळं मी केलेलं होतं आणि आत्ताची जी लीड आहे तिला रिटर्न भरायला मीच शिकवलं होतं. ती मला तेव्हाही ताई म्हणायची, आजही म्हणते.

आणि २०१७ ला व्हॅट जाऊन आलेला जीएसटी मला येत नव्हता असं कृपा करून कुणी समजू नका. जायच्या आधी मी कायदा वाचला होता, नियम वाचले होते, भावाच्या दुकानाची रिटर्नं भरून हात बसवला होता. काही महिन्यांत शिकता येतं ते, नवीन मुलं शिकतातच की. माझं घोडं अडलं ते वेगळीकडे.

जुलै २०२२ ची गोष्ट. मला काम दिलं होतं टू-बी मिळवायचं, म्हणजे दर महिन्याच्या १४ तारखेला पोर्टलवर जे जीएसटीआर-२बी तयार होतं ते उतरवून आपल्या परचेस रजिस्टरशी बिल-बिल करून जुळवायचं. सप्लायरने त्याच्या रिटर्नमध्ये आपलं बिल दाखवलं असेल तरच ते तिथे येतं आणि तेवढाच क्रेडिट, म्हणजे खरेदीवर दिलेल्या कराची वजावट, आपण २० तारखेच्या थ्री-बीत, म्हणजे कर भरायच्या जीएसटीआर-३बी रिटर्नमध्ये घ्यायचा. पोर्टलचं लॉगिन माझ्याकडे नव्हतं, एक मुलगा फाइल उतरवून मेल करायचा.

आमचा एक प्लास्टिक ट्रेवाला व्हेंडर होता. महिन्याला साधारण ५ लाखांचा माल, त्यावर १८ टक्क्यांनी ९० हजार जीएसटी. एप्रिल, मे, जून, तिन्ही बिलं टू-बीत व्यवस्थित दिसत होती, म्हणजे २ लाख ७० हजार क्रेडिट. एप्रिल आणि मेचा घेऊन झाला होता, जूनचा घ्यायचा होता. एक्सेलमध्ये सगळं हिरवं. पण हा माणूस तिमाही भरणाऱ्यांतला. ५ कोटींपर्यंत उलाढाल असलेल्यांना ती सोय आहे, पहिल्या दोन महिन्यांत नुसती बिलं आयएफएफ या पोर्टलवरच्या फॉर्ममध्ये चढवायची, तिसऱ्या महिन्याची तिमाहीच्या जीएसटीआर-१ मध्ये, आणि थ्री-बी तिमाही संपल्यावर भरायचं. पहिल्या दोन महिन्यांचा कर चलनाने भरायचा असतो, पण तो भरला की नाही हे आपल्याला टू-बीत दिसत नाही. म्हणजे बिलं दिसतात, कर सरकारजमा झाला का ते कळत नाही.

मला जुनी सवय, म्हणून पोर्टलवर Search Taxpayer मध्ये त्याचा जीएसटी नंबर टाकला. त्याला लॉगिन लागत नाही, कुणीही बघू शकतं. खाली SHOW FILING TABLE दाबलं की कुठलं रिटर्न कधी भरलं त्या तारखा येतात. जानेवारी ते मार्चचं थ्री-बी त्याने २२ एप्रिलला भरायचं ते भरलं होतं ११ मेला. त्याच्या आधीच्या तिमाहीचंही तसंच, जवळजवळ तीन आठवडे उशीर. पुढच्या महिन्याच्या १३ तारखेपर्यंत आयएफएफ चढवायचं असतं आणि मागचं थ्री-बी राहिलं असेल तर पोर्टल ते चढवू देत नाही. म्हणजे हा माणूस गिऱ्हाइकांची बिलं वर जाण्यापुरता, अगदी शेवटच्या घटकेला पैसे जमवून कर भरत होता. व्हॅटच्या काळात असे व्हेंडर मी पाहिलेत. एक दिवस त्यांना ते जमत नाही.

मी मीटिंगमध्ये बोलले. क्रेडिट घेऊ नका असं मी म्हटलंच नव्हतं, हे नीट वाचा, कारण नंतर ऑफिसभर झालं की ताई क्रेडिट अडवत होत्या. मी म्हटलं मे आणि जूनच्या बिलांचं पेमेंट अजून जायचंय, त्यातली फक्त जीएसटीची रक्कम, १ लाख ८० हजार, थांबवूया, २२ जुलैला त्याचं थ्री-बी पडलं की लगेच सोडूया. कलम १६(२)(सी) तेच सांगतं, सप्लायरने कर प्रत्यक्ष सरकारला भरलेला हवा. आणि मी पुढे व्हॅटच्या ऑडिट रिपोर्टमधल्या जे-१ जे-२ या याद्यांचं सांगायला लागले, विकणाऱ्याने त्याच्या जे-१ मध्ये दाखवलेली विक्री आणि आपल्या जे-२ मधली खरेदी जुळली नाही की डिपार्टमेंट आपल्याच दारात कसं यायचं, २०१२ ला महालक्ष्मी कॉटनच्या केसमध्ये मुंबई उच्च न्यायालयानेही सांगितलं की तिजोरीत जेवढा कर आला तेवढंच सेट-ऑफ, म्हणजे तेव्हाचं क्रेडिट, आणि आपल्याच कंपनीने तेव्हा विकणाऱ्याच्या चुकीचे पैसे व्याजासकट कसे भरले होते.

लीडने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ताई, टू-बीत आलं की क्लेम करायचं आणि पेमेंट ठरल्या तारखेला सोडायचं, हे आपलं ठरलेलं आहे. परचेसवाल्यांशी किती भांडणं करून हे बसवलंय. एकाचे अडवले की बाकीचे पन्नास फोन करतात. शिवाय नाही भरलं त्याने तर पोर्टल त्याला पुढच्या महिन्यात ब्लॉक करतंच." इथपर्यंत ठीक होतं, हा मुद्दा आहेच, व्हेंडरचा हात आवळला की माल थांबतो. पण मग ती म्हणाली, "आणि खरं सांगू का, ताई, २०१७ ला तुम्ही असतात ना, तर आम्ही इथवर कसे आलोय ते तुम्हाला कळलं असतं."

आवाज चढवला नव्हता तिने. टोमणाही नव्हता, म्हणूनच लागलं. कारण मग दोघं-तिघं त्याच गोष्टी काढून हसायला लागले, पहिल्या रिटर्नला रात्री दोन वाजता पोर्टल बसलेलं, तेव्हा मागवलेला वडापाव, जुना एक्साइज आणि व्हॅटचा क्रेडिट नव्या कायद्यात आणायचा तो ट्रान-१ फॉर्म, त्याची तारीख सरकत सरकत २७ डिसेंबर २०१७ पर्यंत गेली आणि यांची आकडेमोड तीनदा बदलली. मी ऐकत बसले. त्या डिसेंबरात मी सासूबाईंच्या डायलिसिसच्या पाळ्या सांभाळत होते, तेही रात्री दोनलाच उठणं होतं, पण त्या टेबलावर ते सांगण्यासारखं नव्हतं. माझ्या हातात त्या व्हेंडरच्या तारखांचा प्रिंटआउट होता. "ठीक आहे, सोडा पेमेंट," असं मीच म्हटलं.

घरी येऊन मी स्वतःशीच भांडले. परत जॉइन होताना नवऱ्याला मी ठणकावून सांगितलं होतं की कायदा बदलला तरी हिशोब तोच असतो. त्या वेळच्या मला आता विचारावंसं वाटतं, हिशोब तोच असतो गं बाई, पण तो कुणी मांडायचा हे मधल्या वर्षांत कुणीतरी ठरवलेलं असतं, त्याचं काय? तिच्याकडे उत्तर नव्हतं आणि माझ्याकडेही नाहीये. लीडचं चुकलं असंही मला म्हणवत नाही. तिने स्वतः बाळंतपणाची रजा संपताच परत येऊन ते दिवस काढलेत. मी असते तर कदाचित मीही नऊ वर्षांनी आलेल्या बाईला हेच ऐकवलं असतं. आणि तरीही मला वाटतं की माझं म्हणणं त्या दिवशी कागदावर ऐकून घ्यायला हवं होतं, २०१७ मध्ये मी कुठे होते ते बाजूला ठेवून.

व्हेंडरने २२ जुलैला थ्री-बी भरलं नाही. ऑगस्टच्या १४ तारखेला जुलैचं बिल टू-बीत आलं नाही, तेव्हा टीमने त्याचं पुढचं पेमेंट रोखलं, पण जूनपर्यंतचे पैसे पूर्ण गेलेले होते. मीटिंगमध्ये कुणी काही बोललं नाही, मीही बोलले नाही. बोलून काय मिळालं असतं, "सांगितलं होतं" म्हणणारी ताई तेवढी झाले असते.

मग २६ डिसेंबर २०२२ ला नियम ३७ए आला. सप्लायरने वर्षाचं थ्री-बी पुढच्या ३० सप्टेंबरपर्यंत भरलं नाही तर घेणाऱ्याने ते क्रेडिट ३० नोव्हेंबरपर्यंत उलटवायचं, नाही उलटवलं तर व्याजासकट भरायचं, आणि त्याने नंतर कधी भरलं तर परत घेता येतं. लीडने नोटिफिकेशन ग्रुपवर टाकलं. आठवडाभरात त्याच टू-बीवाल्या मुलाने शीटमध्ये प्रत्येक व्हेंडरसमोर थ्री-बीच्या तारखेचा कॉलम घातला, सगळ्यांनी अंगठे दिले. तो माझाच कॉलम होता असं मला वाटलं, आणि त्याच वेळी हेही कळत होतं की नियम आल्यावर तो कुणीही घातला असता. दोन्ही खरं आहे, त्यातलं एक निवडा म्हणाल तर मला जमणार नाही.

मध्ये एकदा लीड माझ्या जागेवर आली आणि म्हणाली, "ताई, तिमाहीवाल्या व्हेंडरांची यादी तुम्हीच बघाल का? तुम्हाला त्यातलं पटकन दिसतं." मी हो म्हटलं आणि सोबत पोर्टलचं लॉगिन मागितलं. यादी त्याच दिवशी आली. लॉगिनचं "साहेबांना विचारते" म्हणाली, त्यालाही बरेच महिने झाले.

आता नवीन ठिकाणी गेले असते तर, याबद्दल. तिथे २०१७ च्या आठवणी काढून कुणी हसलं असतं तर मला काही वाटलं नसतं, हे तुमचं बरोबर आहे. पण तिथे माझं ऐकलंही नसतं असं मला वाटतं, कारण जे-१ जे-२ च्या काळात कंपनीने खरंच पैसे भरले होते हे ज्यांच्या फाइलमध्ये आहे ते लोक इथेच आहेत. हे मी स्वतःची समजूत घालायला म्हणते की खरंच तसं आहे, ते मला अजून कळलेलं नाही. मैत्रीण सांगते तिच्या फर्ममध्ये जागा आहे. मी तिला थांब म्हटलंय. ट्रेवाल्याचं त्या तिमाहीचं थ्री-बी मी परवाही बघितलं, अजून भरलेलं नाही. ३० सप्टेंबर २०२३ पर्यंत त्याने भरलं तर २ लाख ७० हजार वाचतील, नाहीतर नोव्हेंबर संपायच्या आत उलटवायची नोंद मला करायची आहे, आणि ती मी केल्याशिवाय तिथून हलणार नाही.