कॉफीविना तीस सकाळी आणि त्याआधीचे वाया गेलेले दहा दिवस

माझ्या रोजनिशीत 2 जूनच्या पानाला औषधाच्या पट्टीचा एक कापलेला तुकडा चिकटवलेला आहे. त्यावर गोळीच्या नावाची शेवटची दोन अक्षरे तेवढी दिसतात. गोळीत काय आहे ते छापलेला भाग दुकानदाराच्या कात्रीने पट्टीच्या दुसऱ्या बाजूला राहिला. महिनाभर कॉफी सोडण्याचा माझा प्रयत्न या तुकड्यामुळे दहा दिवस जागच्या जागी खिळून राहिला, आणि त्याची चीड अजूनही गेलेली नाही, म्हणून हे लिहीत आहे.

मी माटुंग्याला राहतो. शेजारच्या मामींनी वीस वर्षांपूर्वी पितळी फिल्टर वापरायला शिकवले, तेव्हापासून आमच्या घरी ऐंशी टक्के कॉफी आणि वीस टक्के चिकोरी अशी ताजी दळलेली पूड येते. रात्री वरच्या भांड्यात तीन चमचे पूड हलकेच दाबायची, उकळते पाणी ओतायचे आणि सकाळपर्यंत खाली थेंब थेंब साठलेले डिकॉक्शन गरम दुधात घालायचे, हा माझा शिरस्ता. सकाळी साडेपाचला एक टंबलर, कार्यालयात अकराला दुसरा आणि संध्याकाळी पाचला तिसरा. गेल्या वर्षभरात मात्र रोज पहाटे तीनला जाग येऊ लागली. आमच्या डॉक्टरांनी सांगितले की शरीरातले कॅफीन निम्मे व्हायला साधारण पाच तास लागतात, म्हणजे पाचच्या टंबलरातले निम्मे कॅफीन रात्री दहाला अंथरूण घालताना अंगात असतेच. ही वेळ माणसागणिक बरीच कमीजास्त होते, त्यामुळे आपला हिशेब आपणच तपासावा असेही ते म्हणाले. म्हणून मी ठरवले की महिनाभर कॉफी पूर्ण बंद ठेवायची, चहाही घ्यायचा नाही, आणि रोज सकाळी रोजनिशीत चार गोष्टी लिहायच्या: उठण्याची वेळ, रात्री किती वेळा जाग आली, डोकेदुखी शून्य ते दहापैकी किती, आणि आदल्या दिवशी पोटात काय गेले.

शेवटचा टंबलर शनिवारी, 31 मे रोजी संध्याकाळी पाचला घेतला. रविवार सुस्तीत गेला आणि रात्री डोळ्यांच्या मागे जडपणा भरू लागला. सोमवारी, 2 जूनला, सकाळच्या लोकलमध्ये उभा असताना डोके असे ठणकू लागले की स्टेशनांची नावेही ऐकवेनात. रोजनिशीत आकडा आहे सात. कॅफीन बंद केल्याची डोकेदुखी साधारण बारा ते चोवीस तासांत सुरू होते आणि पहिल्या दोन दिवसांत शिगेला पोहोचते, हे तेव्हा मला ठाऊक नव्हते. ठाऊक असते तर शेवटची कॉफी गुरुवारी संध्याकाळी घेतली असती, म्हणजे सर्वांत वाईट दिवस शनिवारी घरी निघाला असता. ज्यांना आठवड्याची सुट्टी मिळते त्यांनी हा हिशेब आधी मांडावा.

त्या दिवशी दुपारी एकला मी कार्यालयाजवळच्या औषधाच्या दुकानात गेलो. दुकानात गर्दी होती. मी डोकेदुखीची गोळी मागितली आणि दुकानदाराने पट्टीतून चार गोळ्या कापून कागदी पुडीत घातल्या.

“अहो, पूर्ण पाकीट द्या ना. काय आहे त्यात ते वाचायचं होतं,” मी म्हणालो.

“साहेब, डोकेदुखीचीच आहे. सगळे हीच नेतात. पुढचे, बोला!”

गोळी घेतल्यावर अर्ध्या तासात डोके मोकळे झाले, इतके की मला नवल वाटले. संध्याकाळी पाचला पुन्हा जडपणा जाणवला म्हणून दुसरी घेतली. मंगळवारी सकाळी उठलो तर डोकेदुखी पाच. दुपारी गोळी, अर्ध्या तासात आराम, पाचला दुसरी गोळी. बुधवारी सकाळी पुन्हा पाच. मी दर दोन दिवसांनी त्याच दुकानात जात होतो, दर वेळी चार सुट्या गोळ्या मिळत होत्या आणि दर वेळी काय आहे ते विचारल्यावर तेच उत्तर मिळत होते. एकदा तर मी बाजूला थांबून गर्दी ओसरण्याची वीस मिनिटे वाट पाहिली. तेव्हाही दुकानदाराने मूळ पट्टी हातात दिली नाही. ती खणात टाकून त्याने खण बंद केला.

या नऊ दिवसांची पाने आज वाचताना मला स्वतःचाच राग येतो, कारण उत्तर रोजनिशीत माझ्याच अक्षरात लिहिलेले होते. सकाळचा आकडा रोज चार ते पाच, दुपारी दीड वाजता शून्य किंवा एक. गोळीच्या वेळा दुपारी एक आणि संध्याकाळी पाच, म्हणजे जवळपास माझ्या जुन्या कॉफीच्या वेळा. पहाटे तीनची जागही तशीच चालू. कॉफी सुटल्यावर डोकेदुखी आठवड्याभरात उतरत जायला हवी होती. माझी मात्र एकाच पायरीवर उभी होती. मी त्याचा अर्थ असा लावला की दोष कॉफीचा नव्हताच, काहीतरी वेगळे दुखणे असावे. 8 जूनच्या पानावर मी चष्म्याचा नंबर तपासून घ्यावा असे लिहिले आहे, आणि 9 जूनला रक्तदाब मोजून आलो, तो ठीक निघाला.

मंगळवारी, 10 जूनला, दुपारची गोळी शेवटची होती. संध्याकाळी ते दुकान बंद होते, म्हणून घराजवळच्या दुकानातून त्याच गोळीची पूर्ण पट्टी घेतली. घरी दिव्याखाली उलटून पाहिली. बारीक अक्षरांत दोन घटक होते: पॅरासिटामॉल आणि त्याखाली कॅफीन, 50 मि.ग्रॅ. दिवसाला दोन गोळ्या म्हणजे 100 मि.ग्रॅ., साधारण एका कपभर फिल्टर कॉफीइतके. कॉफी सोडली म्हणून मी घरात सांगत होतो आणि रोज एक कप औषधाच्या दुकानातून विकत घेत होतो.

त्याच रात्री डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी समजावले ते असे. आपण जागे असताना मेंदूत ॲडेनोसिन नावाचे द्रव्य साचत जाते आणि ते ठरावीक जागांवर बसले की झोप येऊ लागते. कॅफीन नेमक्या त्याच जागा अडवते. रोजच अडवणूक होऊ लागली की मेंदू अशा आणखी जागा तयार करतो. मग कॅफीन अचानक थांबले की त्या सगळ्या जागा ॲडेनोसिनला मोकळ्या मिळतात; सुस्ती येते, मेंदूतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि डोके ठणकते. थोडेसे कॅफीन पोटात गेले तरी ही डोकेदुखी झटकन थांबते, म्हणून माझी गोळी अर्ध्या तासात जादू करत होती. त्यामुळेच शरीराला कॅफीनविना राहण्याची सवय लागण्याची वेळच येत नव्हती, कारण दिवसाला 100 मि.ग्रॅ.ची सवयसुद्धा मोडताना डोके दुखवू शकते. शिवाय अशा मिश्र वेदनाशामक गोळ्या महिन्यातले दहा किंवा अधिक दिवस, महिनोनमहिने घेत राहिल्यास गोळ्यांमुळेच वेगळी डोकेदुखी जडू शकते, असे बजावून त्यांनी उरलेली पट्टी काढून घेतली. अगदीच असह्य झाले तर नुसते पॅरासिटामॉल, तेही एक-दोनदाच, एवढी मुभा दिली.

तेव्हा पहिले दहा दिवस रद्द धरून मी 11 जूनपासून नव्याने मोजणी सुरू केली. बुधवारी दुपारी जडपणा, गुरुवारी सकाळी आकडा आठ. सांध्यांत कणकण होती आणि मळमळत होते, जणू ताप येणार आहे. कार्यालयात कळवून घरी राहिलो. शुक्रवारी सहा, शनिवारी चार, सोमवारी एक, आणि 17 जूनच्या सकाळी पहिले शून्य. त्या शून्याभोवती मी पेनाने दोनदा गोल काढला आहे. नऊ दिवस न हललेला आकडा सहा दिवसांत उतरला याचा आनंद मला आजही होतो.

यापुढची पाने एकसारखी आहेत आणि त्यांत सांगण्यासारखे थोडेच आहे. पोटाची तक्रार पहिला आठवडाभर राहिली, कारण सकाळची कॉफी आतडीही हलवत असे. कोमट पाणी आणि भिजवलेले काळे मनुके यांनी ती निभावली. हाताला टंबलर हवासा वाटे, म्हणून त्यातच आले घातलेले गरम पाणी घेत असे. मामींनी नुसत्या चिकोरीचा काढा करून दिला. चिकोरीत कॅफीन नसते आणि वासाने अर्धे समाधान होते. बाजारातल्या डिकॅफ कॉफीत मात्र थोडे कॅफीन राहतेच, म्हणून तिला हात लावला नाही. आणखी एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती: एकदम सोडण्याऐवजी दर तीन-चार दिवसांनी एक कप कमी करत दोन आठवड्यांत शून्यावर यावे, म्हणजे गुरुवारसारखा आठ आकडा बहुधा बघावा लागणार नाही. डॉक्टरांनी मला हे 10 तारखेला सांगितले, पण तोवर माझ्या पोटात रोजचे दोनशेच्या वर जाणारे कॅफीन शंभरावर आलेले होते आणि मला पुन्हा मागे फिरायचे नव्हते.

जाग येण्याचे रकाने मी शेवटी मोजले. मे महिन्याची लेखी नोंद नाही, पण 1 ते 10 जूनमध्ये रोज पहाटे तीनच्या आसपास जाग आहे. 20 जून ते 10 जुलै या एकवीस रात्रींत ती चारदाच आली, त्यांतल्या दोन रात्री पावसाने खिडकी आपटत होती. माझ्यापुरते एवढे पुरेसे आहे.

11 जुलैला साडेपाचला मी पूर्ण टंबलर घेतला. सहा वाजता हात थरथरू लागले आणि छातीत धडधड झाली. तीस दिवसांत शरीराची सहनशक्ती उतरली होती आणि मी माप जुनेच ठेवले होते. दुसऱ्या दिवसापासून अर्धा टंबलर, तोही फक्त सकाळी. कार्यालयाजवळच्या त्या दुकानात मी एकदा पुन्हा गेलो, सर्दीची गोळी घ्यायला. त्याने कात्री उचलली तेव्हा मी पूर्ण पट्टीचे पैसे आधी समोर ठेवले, पट्टी हातात घेतली आणि काउंटरवरच उभा राहून तिची मागची बाजू शेवटच्या ओळीपर्यंत वाचली. सर्दीच्या काही गोळ्यांतही कॅफीन असते. तिच्यातही होते, म्हणून मी ती परत केली.