स्वप्नातली उलटी आणि पात्रातली उलटी

«वैद्यबाई, अलीकडे स्वप्नात मला सारखी उलटी होते. आयुष्यातले नको असलेले काहीतरी बाहेर पडते आहे, असेच ना?»

बहुधा नाही. पुण्यात पंचकर्माची चिकित्सा करत असल्यामुळे हा प्रश्न मला वर्षभर ऐकू येतो आणि होळीच्या सुमारास, म्हणजे औषध देऊन उलटी करवण्याच्या, वमनाच्या, उपचारासाठी रुग्ण येऊ लागले की, जरा जास्तच. विचारणाऱ्याच्या स्वरात भीतीपेक्षा आशा अधिक असते. स्वप्नात ओकलात म्हणजे पीडा गेली, असे कोणीतरी त्यांना सांगितलेले असते आणि वर «आयुर्वेदातही शुद्धीचे तेच सांगितले आहे» अशी पुस्तीही जोडलेली असते. आयुर्वेदात तसे सांगितलेले नाही. वाग्भटांच्या अष्टांगहृदयात शारीरस्थानाच्या सहाव्या अध्यायात अशुभ स्वप्नांची लांबलचक यादी आहे आणि स्वप्नात वांती होणे व जुलाब होणे ही दोन्ही त्या यादीत आहेत. ज्या परंपरेने जागेपणीच्या वमनाला कफाची श्रेष्ठ चिकित्सा मानले, तिनेच स्वप्नातल्या वांतीला शुद्धी म्हटले नाही, हे मला फार बोलके वाटते.

यादीत नाव सापडले म्हणून घाबरण्याचेही कारण नाही. चरकसंहितेच्या इंद्रियस्थानात स्वप्नांचे सात प्रकार दिले आहेत: पाहिलेल्याचे, ऐकलेल्याचे, अनुभवलेल्याचे, इच्छिलेल्याचे, कल्पिलेल्याचे, भविष्यसूचक आणि दोषांमुळे पडणारे. त्यांपैकी पहिले पाच निष्फळ समजावेत, असे चरक वैद्याला स्पष्ट सांगतात. फार छोटी, फार लांबलेली आणि दिवसा पडलेली स्वप्नेही ते बाजूला काढतात. घरात कोणाला उलट्या होत असतील, गरोदरपणाच्या पहिल्या महिन्यांत स्वतःलाच मळमळत असेल किंवा आदल्या दिवशी घाटातल्या प्रवासात शेजारच्या सीटवरचे मूल ओकले असेल, तर ते स्वप्न पाहिलेल्या-अनुभवलेल्यात जमा झाले आणि विषय तिथेच मिटला. भविष्यसूचक स्वप्न ओळखण्याची हातोटी माझ्याकडे नाही. सातवा प्रकार मात्र, म्हणजे शरीरातल्या बिघाडाने पडणारे स्वप्न, मला रोजच्या कामात भेटतो.

त्याकडे वळण्यापूर्वी खरी शुद्धी कशी दिसते ते सांगते. वमनाआधी रुग्णाला तीन ते सात दिवस चढत्या मात्रेने औषधी तूप पाजतात. नंतर अंगाला तेल लावून शेक देतात आणि आदल्या दिवशी दहीभात, उडीद, दूध असा कफ वाढवणारा आहार देतात. सकाळी लवकर दूध किंवा उसाचा रस गळ्यापर्यंत पाजला जातो, मग मध-सैंधवासह मदनफळाचा योग देतात आणि ज्येष्ठमधाचा काढा चालू राहतो. रुग्णाच्या कपाळावर घामाचे थेंब जमतात, तोंडाला पाणी सुटते, आणि पहिला वेग, म्हणजे उलटीचा पहिला उमाळा, येतो. एक जण कपाळ धरतो, दुसरा पाठ चोळतो. वैद्याचे लक्ष पात्रात असते. आधी प्यायलेले दूध पडते, मग तारेसारखा चिकट कफ, आणि शेवटी हिरवट पिवळे, कडू पित्त दिसले की थांबायचे. चार वेग म्हणजे हीन शुद्धी, सहा मध्यम, आठ उत्तम. त्यानंतर पातळ पेजेपासून सुरुवात करून क्रमाक्रमाने रुग्णाला नेहमीच्या जेवणावर आणावे लागते आणि उत्तम शुद्धीनंतर याला सात दिवस लागतात. काय बाहेर काढायचे ते आधी ठरलेले असते, ते निघाले की नाही हे दिसते आणि कुठे थांबायचे हेही कळते. नुसते कोरडे उमासे येत राहिले तर त्याला आम्ही शुद्धी म्हणत नाही, बिघाड म्हणतो.

स्वप्नातल्या उलटीचे वर्णन लोक करतात ते नेमके या बिघाडासारखे असते. ओकारी येते पण पडत नाही, किंवा तोंडातून केस, दोरा, च्युइंगम असे काहीतरी ओढत राहावे लागते आणि ते संपत नाही. अशा वेळी मी सर्वांत आधी विचारते की रात्री किती वाजता जेवता. झोपेत आपण फारच कमी वेळा गिळतो आणि लाळही जवळजवळ थांबते, त्यामुळे जठरातले आम्ल वर अन्ननलिकेत आले तर जागेपणी जितक्या लवकर खाली जाते तितक्या लवकर ते जात नाही. स्वप्नांची झोप रात्रीच्या शेवटच्या भागात जास्त असते आणि त्या झोपेत बाहेरची किंवा शरीरातली संवेदना स्वप्नात शिरू शकते. अमेरिकेत डेमेंट आणि वोल्पर्ट यांनी १९५८ साली झोपलेल्या माणसांवर थंड पाण्याचा फवारा मारून पाहिला, तेव्हा सुमारे ४२ टक्के वेळा ते पाणी या ना त्या रूपाने स्वप्नात उतरले. चेहऱ्यावरचे पाणी जर स्वप्नात पाऊस होऊन येऊ शकते, तर घशाशी आलेले आंबट पाणी तिथे ओकारी होऊन आले तर नवल नाही. प्रत्येक वेळी असेच घडते असे मी म्हणणार नाही, पण तपासायला ही सर्वांत सोपी गोष्ट आहे.

कोथरूडच्या एक बाई माझ्याकडे आल्या होत्या. ओळख लपावी म्हणून काही तपशील बदलून त्यांची हकिकत सांगते. वय पन्नाशीच्या अलीकडचे, नोकरी हिंजवडीच्या बाजूला, घरी पोहोचेपर्यंत साडेनऊ आणि जेवायला दहा. जेवण झाले की अर्ध्या तासात त्या आडव्या होत. पहाटे स्वप्नात त्या तोंडातून लाल दोरा ओढत राहत आणि दचकून उठत. स्वप्नांचा अर्थ सांगणाऱ्या एका गृहस्थांनी त्यांना सांगितले होते की एक विषारी नाते तुमच्या आत अडकले आहे, ते तोडल्याशिवाय दोरा संपणार नाही. बाईंनी ते भावाशी जुळवले आणि त्याच्याशी कायमचे बोलणे बंद करण्याच्या तयारीने त्या वमन घ्यायला आल्या होत्या. मी विचारले तेव्हा कळले की सकाळी तोंड आंबट होते, आवाज बसलेला असतो आणि खाकरून खाकरून घसा साफ करावा लागतो. मी वमन दिले नाही. ऑफिसातच सात-साडेसातला पोळीभाजी खाऊन घ्यायची, घरी आल्यावर फार तर मुगाचे कढण, झोपायला डावी कूस आणि पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली वीतभर उंचीचे लाकडी ठोकळे, एवढेच सांगितले. नुसत्या उशा वाढवू नका, हेही बजावले, कारण उशांनी मान वाकते, पोट दुमडते आणि आम्ल वर यायला उलट मदतच होते.

महिन्याभरात सकाळचा आंबटपणा गेला आणि स्वप्न पुष्कळ कमी झाले, पण पुरते गेले नाही. ते कधी पडते याची नोंद त्यांनी ठेवली होती आणि ती मी पाहिली. उरलेली बहुतेक स्वप्ने भावाचा फोन आला त्या रात्रीची होती. इथे शरीराची बाजू संपली आणि दुसरी सुरू झाली, हे मान्य करायला हवे. सदाशिव पेठेतला त्यांचा वडिलोपार्जित वाडा पुनर्विकासाला गेला होता आणि बहिणीने हक्कसोडपत्रावर सही करावी, असा भावाचा आग्रह होता. त्या «बघू» म्हणत होत्या. नाही म्हणावे तर माहेर तुटते आणि हो म्हणावे तर पोटातून कढ येतो, अशा कोंडीत वर्ष गेले होते.

या स्वप्नाने त्यांना भावाला तोडायला सांगितले होते का? माझ्या मते नाही. मनात न पचलेले काही आहे, एवढेच फार तर त्या दोऱ्यातून वाचता येत होते. ते काय आहे आणि त्याचे काय करायचे, हे जागेपणीच ठरवावे लागणार होते. नात्यांच्या बाबतीत «ओकून टाका आणि मोकळे व्हा» हा सल्ला मला पटत नाही. शिकागोच्या रोझालिंड कार्टराइट यांनी घटस्फोटातून जाणाऱ्या आणि त्या काळात नैराश्य आलेल्या लोकांची स्वप्ने अभ्यासली होती. ज्यांच्या स्वप्नांत दुरावलेला जोडीदार येत राहिला, ते वर्षभरानंतर अधिक सावरलेले आढळले. म्हणजे जे स्वप्नातून हद्दपार व्हावे असे आपल्याला वाटते, त्याचे तिथे येत राहणे हाच कदाचित ते पचण्याचा मार्ग असतो. बाईंना मी वकिलाकडे पाठवले. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क आहे हे २००५च्या दुरुस्तीने ठरले आहे आणि एकदा नोंदवलेले हक्कसोडपत्र मागे घेणे सोपे नसते, हे त्यांना तिथे नीट समजले. त्यांनी भावाला पत्र लिहून आपला हिस्सा मागितला. भाऊ काही महिने बोलला नाही, मग बोलू लागला. हिश्शाची बोलणी मी शेवटचे ऐकले तेव्हा चालू होती. दोरा अधूनमधून येतो, पण आता त्या उठून पाणी पितात आणि पुन्हा झोपतात.

स्वप्न पडते म्हणून वमन द्या, असे म्हणणाऱ्यांना मी नकार देते. गरोदर स्त्रिया, लहान मुले, वृद्ध, हृदयरोगी आणि वरच्या मार्गाने रक्त पडणारे रुग्ण यांना तर शास्त्रानेच वमन वर्ज्य सांगितले आहे. घास घशात अडकत असेल, वजन आपोआप उतरत असेल, उलटीत रक्त किंवा कॉफीच्या गाळासारखे काही दिसत असेल, किंवा झोपेत गुदमरून जाग येत असेल, तर स्वप्नाचा अर्थ शोधत न बसता पोटाच्या किंवा झोपेच्या तज्ज्ञाकडे जावे. नवी औषधे सुरू झाल्यानंतर अशी स्वप्ने वाढली असतील, तर ज्यांनी औषध दिले त्यांना सांगावे. गोळी परस्पर बंद करू नये. आणि जेवल्यावर मुद्दाम बोटे घालून उलटी काढण्याची सवय कोणाला असेल, विशेषतः घरातल्या कॉलेजच्या मुलीला, तर तिच्या तोंडी «शुद्धी» हा शब्द आला तरी त्याला शुद्धी समजू नका. तो आजार आहे, त्यात दातांवरचे आवरण झिजते आणि रक्तातले पोटॅशियम धोकादायकरीत्या उतरू शकते, आणि त्यासाठी मानसोपचारतज्ज्ञाची वेळ त्याच आठवड्यात घ्यायला हवी.