ओल्या रस्त्यावरचा निऑन

शनिवार, रात्रीचे साडेअकरा

आज सायबरपंक २०७७ हा गेम उघडला, पण मिशन एकही केलं नाही. पावसातली एक गल्ली शोधली, तिथे सेव्ह केलं आणि तेच सेव्ह पुन्हा पुन्हा लोड करत सेटिंग्ज बदलत बसलो. बायको डोकावून म्हणाली, "अजून त्याच रस्त्यावर उभा आहेस?" होतो खरा.

माझं ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स ३०६०, मॉनिटर १४४०पी. किरणांचा माग काढून सावल्या नि प्रतिबिंबं दाखवणारं रे ट्रेसिंग अल्ट्रावर आणि कमी पिक्सेलमध्ये काढलेलं चित्र मोठं करणारं अपस्केलिंग, म्हणजे डीएलएसएस, क्वालिटीवर ठेवून सेकंदाला पस्तीसच्या आसपास फ्रेम मिळत होत्या. मग मी नेहमीचाच शहाणपणा केला. रे ट्रेसिंग तसंच ठेवलं आणि डीएलएसएस परफॉर्मन्सवर आणलं. फ्रेम वाढल्या, पण डबक्यातली निऑनची पाटी नुसती खदखदायला लागली. उभा राहिलो तरी तिच्या कडा मुंग्या फिरल्यासारख्या वळवळत होत्या.

दोष अपस्केलिंगला देऊन मोकळा होणार होतो, तेवढ्यात डोक्यात प्रकाश पडला. क्वालिटीवर गेम आतून १७०७×९६० मध्ये चित्र काढतो आणि परफॉर्मन्सवर १२८०×७२०, म्हणजे पडद्यावरच्या पिक्सेलच्या जेमतेम पाव. किरणही या आतल्या पिक्सेलच्या हिशेबानेच सोडले जातात. डीएलएसएसचा प्रीसेट उतरवला की प्रतिबिंबासाठीचे किरणही घटतात, आणि आधीच विरळ असलेल्या नमुन्यांतून चित्रातला दाणेदारपणा पुसणाऱ्या डीनॉइझरला उरलेलं अंदाजाने भरावं लागतं. थोडक्यात, ज्या प्रतिबिंबासाठी एवढा भार सोसत होतो, तेच मी पातळ करत होतो.

मग उलट्या बाजूने सुरुवात केली. डीएलएसएस क्वालिटीवर कायम ठेवलं आणि रे ट्रेसिंगमधलं एकेक बंद करत गेलो. स्थानिक सावल्या बंद केल्या, फरक शोधावा लागला. सूर्याच्या सावल्यांचा रात्री प्रश्नच नव्हता. रे ट्रेस्ड लाइटिंग बंद करताना मात्र जीवावर आलं, छताखालचे कोपरे जरा सपाट झाले. शेवटी राहिली फक्त प्रतिबिंबं. फ्रेम पन्नाशीच्या पुढे गेल्या आणि पाटी डबक्यात स्थिर झाली.

एवढ्यावर खूश होऊन गेममधल्या काबुकीच्या बाजारात गेलो, तर तिथे पुन्हा अडखळायला लागलं. सवयीने परफॉर्मन्स लावून पाहिलं, फ्रेममध्ये ढिम्म फरक नाही. कोपऱ्यातल्या आकड्यात जीपीयूचा वापर सत्तर टक्क्यांवर रेंगाळत होता, म्हणजे कार्ड रिकामं बसलं होतं आणि दमत होता तो माझा जुना प्रोसेसर. गर्दीतली माणसं हलवायची आणि त्यांच्यासह किरणांना धडकायला लागणारी भूमितीची रचना सतत ताजी ठेवायची, यातला बराच भार त्याच्यावर येतो. तिथे प्रीसेट कितीही उतरवला तरी पदरात पडतो तो फक्त धूसरपणा. परत क्वालिटीवर आलो आणि गर्दीची घनता मध्यमवर आणली, तेव्हा कुठे बाजार चालता झाला.

सगळा प्रकाश किरणांनीच काढणारं पाथ ट्रेसिंगही एकदा लावून पाहिलं. त्याबद्दल लिहायला फ्रेम पुरल्या नाहीत.